उभी मिरची आणि लोंबती मिरची: एका संकराचा तीन पिढ्यांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हुक्केरी तालुक्यात, हिरण्यकेशीच्या काठापासून थोड्या अंतरावर असलेल्या एका मळ्यात हा संकर झाला. मळ्याचे मालक, ज्यांना येथे तात्या म्हटले आहे, दरवर्षी थोड्या क्षेत्रावर संकेश्वरी मिरची लावतात. फळ लांब, बारीक आणि रंगाला चांगले असल्यामुळे घरच्या चटणीसाठी त्यांना दुसरी मिरची चालत नाही. त्यांच्याच परसात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली एक छोटी, तिखटजाळ मिरची होती. घरात तिला लवंगी म्हणत. तिची फळे देठावर आभाळाकडे तोंड करून उभी राहत, तर संकेश्वरीची फळे पानांच्या आड खाली लोंबत.

तात्यांची इच्छा साधी होती: फळ शक्य तितके लांब असावे, पण उभे असावे. उभी फळे वरूनच दिसतात आणि तोडणीच्या बायकांना प्रत्येक झाड उचकटून पाहावे लागत नाही. मी ज्या पदवी महाविद्यालयात शिकवतो तेथील प्रथम वर्षाच्या अकरा विद्यार्थ्यांना मेंडेलचे नियम फळ्यावर शिकवून झाले होते. तात्यांचा मळा हाताशी होता, म्हणून हा संकर विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचे ठरले.

मिरचीत फळ उभे राहणे किंवा लोंबणे हा गुण मुख्यतः एका जनुकावर अवलंबून असतो. लोंबण्याचे रूप प्रभावी आणि उभे राहण्याचे रूप अप्रभावी आहे. आपण प्रभावी रूपाला U आणि अप्रभावी रूपाला u म्हणू. प्रत्येक झाडाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. UU आणि Uu ही दोन्ही झाडे लोंबती दिसतात, आणि उभे दिसते ते फक्त uu. पुढे जे जे गोंधळ झाले त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या एका वाक्यात आहे.

सुरुवातीला एक शंका दूर करणे आवश्यक होते. छोट्या उभ्या मिरच्यांपैकी काही वेगळ्या प्रजातीच्या असतात आणि त्यांचा नेहमीच्या मिरचीशी संकर केल्यास बी धरण्यात अडचणी येतात. त्या प्रजातीची फुले हिरवट पांढरी असतात आणि एका पेरावर अनेकदा दोन किंवा अधिक येतात. तात्यांच्या लवंगीची फुले स्वच्छ पांढरी होती आणि पेराला एकेकटी लागत होती, त्यामुळे ती संकेश्वरीच्याच प्रजातीतील आहे असे मानून आम्ही पुढे गेलो.

पहिला निर्णय: आई कोण आणि बाप कोण

विद्यार्थ्यांचे मत असे होते की संकेश्वरी ही मुख्य मिरची, म्हणून तिलाच आई करावे आणि लवंगीचा पराग तिच्यावर टाकावा. फळ्यावर पाहता यात काहीच चूक नाही. या जनुकाच्या बाबतीत संकर उलटसुलट कसाही केला तरी संततीचे जनुकरूप Uu हेच येते.

अडचण शेतात आहे. मिरचीचे फूल स्वतःच्याच परागाने फळ धरू शकते. आईच्या फुलातले पुंकेसर काढायला थोडा जरी उशीर झाला, तरी तिच्या स्वतःच्या परागाने काही बी तयार होते. आई संकेश्वरी (UU) असेल तर अशा चुकीच्या बियांची झाडेही लोंबती आणि खऱ्या संकराची झाडेही लोंबतीच. दोन्ही सारखीच दिसल्यामुळे चूक झाली की नाही हे त्या पिढीत कळण्याचा मार्ग उरत नाही. आई लवंगी (uu) असेल तर मात्र स्वपरागाने तयार झालेले झाड उभे निघते आणि संकराचे झाड लोंबते. म्हणजे आपली चूक आपणहून हात वर करते.

म्हणून अप्रभावी गुणाच्या लवंगीला आई करण्याचा निर्णय झाला. त्याची किंमतही होती. लवंगीचे फूल लहान, कळी आणखी लहान, आणि फळात बी कमी. संकेश्वरीवर काम करणे हाताला सोपे गेले असते.

संकराची कृती

दुसऱ्या दिवशी उमलणार अशी फुगलेली कळी संध्याकाळी निवडायची. तिच्या पाकळ्या पांढऱ्या होऊन वर डोकावू लागलेल्या असतात, पण परागकोश अजून फुटलेले नसतात. बारीक चिमट्याने पाकळ्या अलगद उघडून पाच-सहा पुंकेसर एकेक करून काढायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, आणि कळीवर बटरपेपरची छोटी पिशवी लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी संकेश्वरीच्या ताज्या फुलांचे परागकोश फुटू लागले की तो पराग त्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावून पिशवी परत घालायची. त्या फांदीवरची आधीची फुले आणि फळे खुडून टाकायची, म्हणजे नंतर कोणते फळ आपले हा प्रश्न उरत नाही.

देठाला बांधायच्या चिठ्ठ्यांवरून एक लहानसा प्रसंग घडला. काही मुले आकडे कन्नडमध्ये लिहीत होती, काही मराठीत. घाईत लिहिलेला कन्नड एक आणि मराठी शून्य यांत फरक करणे मला स्वतःला जमेना. शेवटी सर्व आकडे पाटीवर ठरवून दिलेल्या एकाच पद्धतीने आणि शिसपेन्सिलीने लिहायचे ठरले, कारण शाई पावसात टिकत नाही.

चाळीस कळ्यांवर काम झाले आणि अकरा फळे टिकली. बाकीची फुले गळाली. मिरचीत हाताळलेले फूल गळणे नेहमीचे आहे. बाप म्हणून संकेश्वरीची तीन झाडे वापरली होती, त्यांना अ, ब आणि क म्हणू. प्रत्येक फळाच्या चिठ्ठीवर बापाचे अक्षरही होते.

फळे पिकू लागली तेव्हा एका विद्यार्थिनीने निराश होऊन सांगितले, “सर, आपला संकर फसला. सगळी फळं उभीच आहेत.” ही चूक इतकी स्वाभाविक आहे की मी ती दरवर्षी ऐकतो. फळाची भिंत आणि देठ हे आईच्याच शरीराचे भाग आहेत. नवी पिढी आत, बियांमध्ये आहे. आई uu असल्यामुळे फळ उभेच राहणार, मग बियांचा बाप कोणीही असो.

पहिली पिढी आणि तीन उपरी झाडे

अकरा फळांचे बी अकरा पाकिटांत वेगळे ठेवले, वेगळे पेरले आणि तरू लावतानाही ओळी वेगळ्या ठेवल्या. पहिल्या संतती पिढीत, म्हणजे एफ-१ मध्ये, ४६ झाडे फळावर आली. त्यांतील ४३ लोंबती होती आणि ३ उभी.

एफ-१ मध्ये सर्व झाडे सारखी दिसायला हवीत असे शिकवलेले होते, त्यामुळे वर्गात दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे होते की आमच्या पुंकेसर काढण्यात चूक झाली आणि ही आईची स्वपरागी संतती आहे. दुसऱ्याचे म्हणणे होते की बाप शुद्ध नव्हता. संकेश्वरीचे एखादे झाड Uu असेल तर त्याच्या निम्म्या परागात u असणार आणि आईच्या u शी मिळून uu झाडे निघणार. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकत होत्या, आणि दुसरी खरी असती तर पुढच्या सगळ्या गणिताचा पाया हलला असता.

निकाल लावला तो चिठ्ठ्यांनी. तिन्ही उभी झाडे सातव्या फळातली होती. त्या फळाची एकूण चार झाडे लागली होती, त्यांतील एक लोंबते होते. सातव्या फळाचा बाप होता झाड ब. पण ब हाच बाप असलेली आणखी चार फळे होती आणि त्यांतून आलेली १७ झाडे झाडून सगळी लोंबती होती. ब जर Uu असता तर प्रत्येक झाड लोंबते निघण्याची शक्यता निम्मी, आणि सतराच्या सतरा लोंबती निघण्याची शक्यता ½ चा सतरावा घात, म्हणजे सुमारे एक लाख एकतीस हजारांत एक. तेव्हा बापावरचा आळ टिकला नाही. सातवी कळी उशिरा उघडली गेली, तिच्यातला एखादा परागकोश आधीच फुटला होता, एवढेच झाले होते. त्या तीन झाडांची फळेही आईइतकीच आखूड होती, तर बाकीच्या झाडांची फळे मधल्या लांबीची होती. तीन झाडे उपटली.

सर्व फळांचे बी एकत्र करून पेरले असते तर ४३ आणि ३ हे दोन आकडे हाती आले असते आणि त्यांचे काय करायचे हे कोणालाच सांगता आले नसते.

दुसरी पिढी: आकडे जुळेनात

एफ-१ ची चार झाडे निवडून त्यांना फुलोऱ्याआधी मच्छरदाणीच्या कापडाचे पिंजरे घातले. मिरचीत मधमाश्या परक्या झाडाचा पराग बऱ्यापैकी आणतात, आणि शेजारच्या वाफ्यात तात्यांची संकेश्वरी फुललेली होती. पिंजऱ्यातल्या फळांचे बी पेरून २०० तरू लावले. बोकड्या रोगाने आणि इतर कारणांनी काही गेले, १६८ झाडे फळावर आली.

Uu झाडाचे निम्मे पराग U आणि निम्मे u असतात, बीजांडांचेही तसेच. त्यामुळे स्वपरागातून अपेक्षा अशी:

UU : Uu : uu = 1 : 2 : 1

डोळ्यांना दिसणारे प्रमाण लोंबती ३ आणि उभी १, म्हणजे १६८ पैकी १२६ आणि ४२.

विद्यार्थ्यांनी मोजलेली संख्या १४१ आणि २७ आली. लहानसहान फरक योगायोगाने पडतच असतो, म्हणून काय-वर्ग कसोटी लावली. प्रत्येक गटात अपेक्षेपासूनचा फरक १५. त्याचा वर्ग २२५, तो अपेक्षित संख्येने भागायचा आणि दोन्ही गटांची बेरीज करायची: २२५ ÷ १२६ म्हणजे १.७९, आणि २२५ ÷ ४२ म्हणजे ५.३६, एकूण ७.१५. दोन गटांसाठी पाच टक्के पातळीची मर्यादा ३.८४ आहे. आमचा आकडा तिच्या बराच वर गेला. केवळ योगायोगाने इतका फरक पडला असे म्हणणे अवघड होते.

येथे तीन मार्ग समोर होते. पहिला, एका जनुकाचे गृहीतक सोडून द्यायचे. दुसरा, उभी झाडे रोगाने जास्त मेली असे म्हणायचे, पण मेलेल्या झाडांची फळे कोणी पाहिली नव्हती, त्यामुळे या म्हणण्याला आधार नव्हता. तिसरा, मोजणीच तपासायची.

तिसरा मार्ग धरला, कारण मळ्यात फिरताना तात्यांनी एका झाडाकडे बोट दाखवून विचारले होते, “ह्याला लोंबतं कसं म्हणता? देठ बघा की वर गेलाय.” खरोखरच देठ ताठ वर होता आणि लांब, भरलेले फळ आपल्या वजनाने मध्येच वाकून खाली आले होते. जन्मतः लोंबणाऱ्या फळाचा देठ फुलाच्या वेळेपासूनच खाली वळलेला असतो. विद्यार्थ्यांनी फळाचे टोक पाहिले होते, पाहायला हवा होता देठ.

फेरमोजणी कशी करायची, हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक निर्णय होता. हवे ते उत्तर आले नाही म्हणून पुन्हा मोजायचे, आणि हवे ते आले की थांबायचे, हा मोह मोठा असतो. मुलांनी सुचवले की फक्त शंकास्पद लोंबती झाडे पुन्हा पाहावीत. तसे केले असते तर संख्या एकाच दिशेने सरकली असती आणि ३ : १ आपोआप जवळ आले असते. म्हणून तीन अटी ठरवल्या. सर्व १६८ झाडे पुन्हा पाहायची. नियम आधी कागदावर लिहायचा: शेंड्याकडील फुले व कोवळी फळे पाहायची आणि देठाची दिशा नोंदवायची. पाहणारे विद्यार्थी असे असावेत ज्यांना पहिल्या मोजणीत कोणत्या झाडाला काय म्हटले होते ते माहीत नाही.

फेरमोजणीत १३० लोंबती आणि ३८ उभी निघाली. आता फरक ४, त्याचा वर्ग १६. १६ ÷ १२६ आणि १६ ÷ ४२ यांची बेरीज सुमारे ०.५१ येते, म्हणजे ३ : १ च्या अपेक्षेला आकडे बाधक नाहीत. “बाधक नाहीत” एवढेच म्हणता येते. या कसोटीने गृहीतक सिद्ध होत नाही.

गट बदललेली ११ झाडे कोणती होती हे पाहिल्यावर मात्र सगळे गप्प झाले. ती लांब फळांची होती. आखूड उभे फळ वाकत नाही, लांब फळच वाकते. म्हणजे लांब आणि उभी, नेमकी तात्यांना हवी असलेली झाडेच पहिल्या मोजणीने लोंबत्यांच्या ढिगात टाकली होती.

तात्यांचा डबा

या दरम्यान आणखी एक गोष्ट घडली होती. दुसऱ्या पिढीतल्या, म्हणजे एफ-२ मधल्या, लोंबत्या झाडांपैकी आठ झाडे तात्यांना चटणीसाठी फार आवडली: लवंगीचा तिखटपणा आणि रंगही बरा. आम्ही त्या आठांच्या एकेका फांदीला कापड बांधून बी वेगवेगळ्या पाकिटांत घेतले होते. तात्यांनी मात्र देठ नीट पाहून, खात्रीची लोंबती अशी तीच आठ झाडे निवडून त्यांचे उरलेले बी एकाच डब्यात भरले आणि पुढच्या हंगामात ९० झाडे लावली. त्यांत १४ उभी निघाली. “आई लोंबती, मग पोरं उभी कशी निघाली?” हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांना वाटत होते की बी आम्हीच कुठेतरी मिसळले.

बी मिसळलेले नव्हते. एफ-२ मधल्या लोंबत्या झाडांपैकी साधारण दर तीनात दोन Uu असतात. Uu झाडाच्या संततीत एक चतुर्थांश उभी निघते. दोन तृतीयांशाचे एक चतुर्थांश म्हणजे एक षष्ठांश, आणि ९० चा सहावा भाग १५. चौदा उभी झाडे निघणे हे अगदी हिशेबातले होते.

तरी तात्यांना पुढच्या वर्षी शुद्ध बी हवे होते. आठांपैकी UU कोणती हे शोधण्याचे दोन उपाय होते. एक म्हणजे प्रत्येकाचा लवंगीशी, म्हणजे uu शी, परीक्षा संकर करणे. त्यात Uu झाडाची निम्मी संतती उभी निघते, म्हणून पाच-सहा झाडांतच उत्तर मिळते, पण आठही झाडांसाठी पुन्हा चिमटा, पिशव्या आणि गळणारी फुले आली. दुसरा उपाय म्हणजे पाकिटांतले स्वपरागी बी प्रत्येकी स्वतंत्र ओळीत लावणे. बी तयार होते, म्हणून हा उपाय घेतला.

एका ओळीत किती झाडे लावायची, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. Uu झाडाची एखादी संतती लोंबती निघण्याची शक्यता ¾ असते. दहा झाडे लावली तर सगळीच लोंबती निघून Uu झाड आपल्याला UU वाटण्याची शक्यता ¾ चा दहावा घात, म्हणजे साडेपाच टक्क्यांहून थोडी अधिक. सोळा झाडे लावली तर ती साधारण एक टक्का होते. मेंडेलने वाटाण्याच्या काही गुणांसाठी दर झाडामागे दहाच झाडे पाहिली होती, आणि रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये दाखवून दिले की त्यामुळे काही विषमयुग्मजी, म्हणजे Uu सारखी, झाडे शुद्ध म्हणून मोजली जायला हवी होती, तरी मेंडेलचे आकडे २ : १ च्या फारच जवळ आहेत. त्यावरचा वाद येथे बाजूला ठेवू. आम्ही सोळा लावली.

आठ ओळींपैकी तीन ओळींत एकही उभे झाड आले नाही. पाच ओळींत लोंबती आणि उभी अशी दोन्ही झाडे निघाली. त्या तीन ओळींचे बी तात्यांनी चटणीच्या मिरचीसाठी ठेवले.

निष्पन्न

३८ उभ्या झाडांपैकी लांब फळांची सहा झाडे निवडली. त्यांतील पाच फेरमोजणीत सापडलेली होती. उभेपणाच्या बाबतीत त्यांची परीक्षा घेण्याची गरज नव्हती, कारण uu शिवाय उभे झाड दिसूच शकत नाही. मात्र जपणूक त्यांनाच जास्त हवी. उघड्यावर बी घेतले तर मधमाशीने आणलेला U पराग पुढच्याच पिढीत लोंबते झाड देतो. सहाही झाडांच्या फांद्या कापडात बांधून बी घेतले आणि पुढच्या पिढीत सर्व झाडे उभी निघाली.

लांबीचे तसे झाले नाही. लवंगीचे फळ सुमारे ३ सेंटिमीटर, संकेश्वरीचे सुमारे १२, एफ-१ चे सुमारे ६. एफ-२ मध्ये ३ पासून १० पर्यंत सगळ्या लांबीची फळे होती आणि मध्ये कुठेही रेघ मारून दोन गट करता येत नव्हते. लांबी अनेक जनुकांच्या एकत्र परिणामातून ठरते आणि पाणी-खतानेही बदलते, म्हणून निवडलेल्या ९ सेंटिमीटरच्या झाडाची संतती ५ ते ९ मध्ये पसरली. विद्यार्थ्यांनी येथेही ३ : १ शोधून पाहिले, पण ते मिळणार नव्हते.

काय वेगळे करता आले असते

मोजणीचा नियम फळे येण्याआधीच लिहायला हवा होता. देठ पाहायचा की फळ, हा प्रश्न आई-बापाच्या झाडांवर आधीच विचारला असता तर सुटला असता, असे मात्र म्हणता येत नाही. लवंगी आखूड आणि उभी, संकेश्वरी लांब आणि लोंबती, त्यामुळे त्या दोघांत देठ आणि फळ एकच उत्तर देत होते. लांब आणि उभे असे झाड प्रथम एफ-२ मध्येच जन्माला आले. तरीही एफ-२ ची पहिली दहा-वीस झाडे मी स्वतः मुलांबरोबर पाहिली असती तर ते लक्षात आले असते. त्या आठवड्यात मी परीक्षांच्या कामात होतो आणि मोजणी मुलांवर सोपवली होती.

बापाची तीन झाडे वापरण्याऐवजी एकच वापरले असते तर एफ-१ मधला संशय आणखी लवकर मिटला असता. उलट, एकाच झाडाची फुले त्या सकाळी पुरली नसती, त्यामुळे तीन झाडे आणि नीट चिठ्ठ्या हीच तडजोड मी पुन्हा करेन.

तात्यांनी डबा भरण्यापूर्वीच त्यांना दर तीनातल्या दोन लोंबत्या झाडांची गोष्ट सांगायला हवी होती. ती मी वर्गात तीनदा सांगितली होती आणि मळ्यात एकदाही नाही.

सध्या उभ्या झाडांच्या सहा ओळींपैकी ज्या दोन ओळींत लांबीचा पसारा सर्वांत कमी आहे त्या पुढे चालवल्या आहेत. तोडणीच्या बायकांना त्या आवडल्या. तात्यांची तक्रार एकच आहे: एप्रिलच्या उन्हात वर तोंड केलेल्या फळांवर पांढरे चट्टे पडतात, ते पानांआड लोंबणाऱ्या संकेश्वरीवर त्यांनी कधी पाहिले नव्हते.